कवितेवाचून काही अडत नाही

प्रश्न चौथा. ‘पुढील कविता वाचून तिचा आशय तुमच्या शब्दांत स्पष्ट करा व तिच्यातील अलंकार ओळखून स्पष्ट करा. (५ गुण)’ आणि त्याखाली वीतभर मोकळी, पांढरीशुभ्र जागा. त्या जागेखाली प्रश्न पाचवा, पत्रलेखन.

दहावीच्या पूर्वपरीक्षेचा हा मराठीचा पेपर. तालुक्याच्या गावातली शाळा, मुलं नेहमीसारखी, पर्यवेक्षक नेहमीसारखे अर्धवट जागे. पुढील कविता मात्र पुढे नव्हती. ती कुठे गेली याचा शोध नंतर लागला, आणि तो कवितेपेक्षा सरळ निघाला. पेपर काढणाऱ्या सरांनी कविता आपल्या घरच्या संगणकावर जुन्या मराठी फॉन्टात टाइप केली होती. या जुन्या फॉन्टांची गंमत अशी की ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवून काम भागवतात. फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथे ‘कविता’ दिसते आणि जिथे नाही तिथे `H${dVm` दिसतं. त्यात नवकवितेचा भास होतो हे मान्य, पण दहावीला ते चालत नाही. म्हणून सरांनी अनुभवी माणसाप्रमाणे कवितेचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो पेपरात चिकटवला. फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, कागदावर मोबाइलचीच सावली. डीटीपीवाल्यानं पहिली प्रत काढून पाहिली तर कवितेच्या जागी काळाकुट्ट चौकोन. त्यानं विचार केला, शाई फुकट जाते आहे. चित्रावर क्लिक केलं आणि डिलीट. वर म्हणाला, ‘सर, मजकूर जराही काढला नाही, फक्त फोटो काढला.’ त्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं. पेपरात फोटो म्हणजे नकाशा नाहीतर आकृती. कविता ही फोटोत असते हे त्याला कुणी सांगितलं होतं?

वर्गात एका मुलीनं हात वर केला म्हणे. पर्यवेक्षक आले, पेपर पाहिला, पलटून मागची बाजू पाहिली, आणि शिक्षणव्यवस्थेतलं ते सर्वसमावेशक वाक्य बोलले: ‘जेवढं छापलंय तेवढं सोडवा.’

मुलांनी सोडवलं. गठ्ठा तपासणाऱ्या बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी. त्या तो तसाच उचलून माझ्याकडे घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘सर, तुम्ही आयुष्यभर कविता शिकवलीत. आता ही बघा.’ मला वाटलं, चौथ्या प्रश्नाच्या जागी मुलांनी ‘कविता दिलेली नाही’ असं लिहून पुढचा रस्ता धरला असेल. तसं कुणीही केलं नव्हतं. जिला प्रश्न पडला होता तिनंही पान भरून उत्तर लिहिलं होतं. ‘तुमच्या शब्दांत’ हे बंधन तर प्रत्येकानं पाळलं होतं. कवीचे शब्द उपलब्धच नसल्यामुळे दुसरा इलाजही नव्हता.

आशयाची उत्तरं वाचताना मी हळूहळू गंभीर होत गेलो, कारण ती वाईट नव्हती. दरवर्षी कविता समोर असताना येतात तशीच होती. ‘प्रस्तुत कवितेत कवीने निसर्ग व मानव यांच्यातील अतूट नात्याचे हृद्य चित्रण केले आहे.’ ‘साध्या सोप्या शब्दांत कवीने मोठा आशय मांडला आहे.’ ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात ही कविता आपल्याला अंतर्मुख करते.’ एकानं तर ‘कवितेच्या शेवटच्या ओळीत कवीने दिलेला संदेश मनाला चटका लावून जातो’ असंही लिहिलं होतं. चटका लागला होता हे नक्की, फक्त तो शेवटच्या ओळीनं लावलेला नव्हता.

यातले दोन संप्रदाय लगेच ओळखू येत होते. एक निसर्गवाल्यांचा. कविता म्हटली की झाड, पाऊस, पक्षी यांपैकी काहीतरी असणारच, हा त्यांचा भरवसा. दुसरा मूल्यवाल्यांचा. त्यांच्या मते कवी हा मुळात समुपदेशक असतो आणि जिद्द, चिकाटी, आईचं प्रेम यांपैकी एकाची शिफारस करायला तो आलेला असतो. दोन्ही मिळून बहुतेक गठ्ठा संपला. उरलेल्यांत एक अद्वैती निघाला. त्यानं लिहिलं होतं, ‘कवीने येथे शब्दांचा वापर अत्यंत काटकसरीने केला आहे. जे सांगायचे ते न सांगता सांगितले आहे.’ हा मुलगा पुढे समीक्षक होणार, याबद्दल माझं आणि बाईंचं एकमत झालं.

बाईंना राग मुलांचा येत होता. मला तसा येईना, कारण ही वाक्यं मुलांनी कुठून आणली ते मला ठाऊक आहे. रसग्रहणासाठी पाठ्यपुस्तकानं तीन कप्पे आखून दिले आहेत: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. कप्पे वाईट नाहीत. मुलानं कवितेकडे तीन बाजूंनी बघावं एवढाच त्यामागचा हेतू. पण कप्पा दिला की तो भरायचा मसाला बाजारात मिळू लागतो, आणि हुशार मसाला तोच, जो कोणत्याही भाजीत चालतो. मग मुलगा ते वाक्य कवितेआधी पाठ करतो आणि परीक्षेत कविता आली की तिच्यावर टाकतो. कविता आली नाही तरी वाक्य आलेलं असतंच. डीटीपीवाल्यानं फक्त मधला माणूस काढून टाकला.

अशा वाक्याची परीक्षा करायची एक सोपी तऱ्हा आहे. ते वाक्य कवितेवरून उचलायचं आणि कविता नसलेल्या कुठल्या तरी कागदावर ठेवून बघायचं. मी बाईंसमोर एस.टी.चं वेळापत्रक घेतलं आणि त्याचं रसग्रहण करून दाखवलं. ‘प्रस्तुत रचनेत मानवी जीवनाच्या अखंड प्रवासाचे चित्रण आले आहे. येणे व जाणे यांतील नित्यता मनाला भिडते. रचनाकाराने अल्पाक्षरी शैली वापरली असून आकड्यांची पुनरावृत्ती लय निर्माण करते. उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहणारा सामान्य माणूस या रचनेच्या केंद्रस्थानी आहे.’ बाई म्हणाल्या, ‘याला मी तीनपैकी अडीच दिले असते.’ अर्धा कशाबद्दल कापला हे मी विचारलं नाही.

याच्या बरोबर उलटा प्रयोग केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स या प्राध्यापकानं केला होता. त्यानं विद्यार्थ्यांना कविता दिल्या, पण कवींची नावं काढून टाकली. आठवडाभर वाचा, जे वाटेल ते निनावी लिहून आणून द्या, असं सांगितलं. तेरा कवितांवरची ही टिपणं त्यानं 1929 मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात छापली. इंग्लंडातली निवडक, तल्लख पोरं. पण जॉन डन आणि हॉपकिन्स यांच्या कवितांना त्यांतल्या कित्येकांनी नाकं मुरडली आणि ज्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत अशांच्या ओळींवर ते मनापासून खूश झाले. कविता वाचताना माणूस कुठे कुठे घसरतो याची रिचर्ड्सनं दहा कलमी यादी केली, आणि तिच्यात एक कलम आहे ते साचेबंद प्रतिसादाचं. म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात भावना आधीच तयार असते, कविता फक्त बटण दाबते. ‘आई’ शब्द दिसला की डोळे पाणावले; पुढे कवीनं आईबद्दल काय म्हटलंय ते बघायचं राहूनच जातं.

रिचर्ड्सनं कवीचं नाव काढलं, कविता ठेवली, आणि मुलं अडखळली. आमच्याकडे कवीचं नावही गेलं, कविताही गेली, आणि जवळजवळ कुणीच अडखळलं नाही. रिचर्ड्सला हे कळलं असतं तर त्यानं बटणाशिवायच लागणाऱ्या दिव्यासाठी अकरावं कलम घातलं असतं.

पण गठ्ठ्यात पुढे एक निराळीच गोष्ट दिसली. आशयाचा भाग पानभर सुसाट धावत होता आणि ‘अलंकार’ हा उपमथळा आला की अक्षर बारीक होत होतं. खाडाखोड वाढत होती. आशयाच्या वेळी तोंडात साखर असलेली मुलं इथे जुगाऱ्यासारखी वागू लागली होती. याचं कारण उघड आहे. आशय कवितेभोवती वाऱ्यासारखा कुठेही सांगता येतो. अलंकार कवितेच्या एका विशिष्ट ओळीत, एका विशिष्ट शब्दापाशी बसलेला असतो. तो दाखवायचा तर बोट ठेवायला ओळ लागते.

तरीही ज्यांना जुगारच खेळायचा होता त्यांनी तो डोकं लावून खेळला होता. सर्वांत जास्त मतं अनुप्रासाला. हा हिशेब अगदीच चुकीचा नाही. एकाच अक्षराची पुनरावृत्ती होऊन नाद निर्माण झाला की अनुप्रास, आणि मराठीत दोन ओळी लिहिल्या तर त्यांत ‘त’ किंवा ‘ल’ चारदा येतोच. दुसरा क्रमांक यमकाचा. पण मुक्तछंदाची कविता निघाली तर यमकवाला उघडा पडतो. तिसरा चेतनगुणोक्तीचा: निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की झालं, आणि कवितेत वारा कधी नुसता वाहत नाही, तो काहीतरी सांगत असतो. एका मुलीनं ‘स्वभावोक्ती’ लिहिलं होतं. हा निवड करणाऱ्याच्या व्यवहारज्ञानाचा नमुना. एखाद्या व्यक्तीचं, प्राण्याचं, दृश्याचं हुबेहूब, जिवंत वर्णन म्हणजे स्वभावोक्ती. वर्णन आहे की नाही हे विचारणार कोण?

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त अलंकार अवघे चार: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्या काळी हा पेपर पडला असता तर ठोकताळ्यानं चारांत एक तरी बरोबर यायची आशा होती. पुढे शास्त्रकारांनी ते वाढवत नेले आणि अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत संख्या शंभराच्या वर गेली. शालेय मराठीत त्यांतले निवडक येतात, पण जुगारासाठी तेही भरपूर आहेत.

बाई म्हणाल्या, ‘सर, आशय कळला तर अलंकाराचा अंदाज बांधता नाही का येणार?’ हा प्रश्न चांगला होता, कारण पुष्कळ शिक्षकांचीही तशी समजूत असते. मी म्हटलं, आपण एकच आशय घेऊ. पावसाळ्यात एस.टी. चिखलात रुतली आहे आणि काही केल्या हलत नाही. कवीला तिच्यात म्हैस दिसली. आशय झाला, विषय झाला, कवीची तळमळही झाली. आता अलंकार सांग.

‘उपमा,’ बाई म्हणाल्या.

होईल उपमा, जर कवीनं लिहिलं असेल की एस.टी. म्हशीसारखी चिखलात बसली. एस.टी. हे उपमेय, म्हैस हे उपमान, चिखलात बसून राहणं हा दोघींचा साधारण धर्म, आणि ‘सारखी’ हा साधर्म्यवाचक शब्द. चारही खांब आहेत. पण कवीनं ‘एस.टी. म्हणजे जणू म्हैसच’ असं लिहिलं तर ती उत्प्रेक्षा. इथे साम्यावर थांबायचं नाही, उपमेय हे उपमानच आहे की काय अशी कल्पना करायची. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’, ‘भासे’ हे तिचे पट्टेवाले शिपाई. ‘एस.टी.रूपी म्हैस चिखलात बसली’ म्हटलं की दोघींतलं अंतर संपलं, रूपक झालं. ‘ही एस.टी. नव्हे, ही म्हैस’ म्हटलं की उपमेय नाकारून त्या जागी उपमान आणलं, ती अपन्हुती. ‘म्हैस परवडली, ती हाकलली तर उठते तरी’ म्हटलं की एस.टी.नं म्हशीवर मात केली, तो व्यतिरेक. ‘ही एस.टी. आहे की म्हैस?’ असं म्हणत कवी डोकं खाजवत बसला तर ससंदेह. अंधारात गुराख्यानं तिला खरोखरच म्हैस समजून पाठीवर काठी मारली तर भ्रांतिमान. आणि कवी हात टेकून ‘एस.टी. ती एस.टी.च, तिच्यासारखी तीच’ म्हणाला तर अनन्वय. यात म्हैस कामातूनच गेली.

चिखल तोच, गाडी तीच, म्हैस तीच. आशय विचाराल तर आठही ठिकाणी ‘ग्रामीण दळणवळणाची दुरवस्था’. अलंकार मात्र आठ. ‘सारखी’ आणि ‘जणू’ यांत दोन गुणांचा फरक आहे आणि तो फरक आशयात नाही, ओळीत आहे. ओळ डीटीपीवाल्याकडे आहे.

हे झालं अर्थालंकारांचं. शब्दालंकारांची स्थिती आणखी नाजूक. जुन्या आलंकारिकांची एक कसोटी आहे, ती मला अजूनही फार देखणी वाटते. शब्द काढून त्याच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द घाला. अलंकार टिकला तर तो अर्थाचा, मोडला तर शब्दाचा. ‘म्हशीसारखी’च्या जागी ‘महिषीसमान’ घातलं तर एस.टी. जरा सोवळी होते, पण उपमा टिकते. आता श्लेष घ्या. ‘गावच्या विहिरीत पाणी नाही आणि पुढाऱ्यातही नाही.’ एका ‘पाणी’ शब्दात तहानही आली आणि तेजही आलं. ‘पाणी’च्या जागी ‘जल’ घाला. पुढाऱ्यात जल नाही म्हटलं की ती तक्रार डॉक्टरकडे न्यावी लागते. श्लेष जागच्या जागी ठार. म्हणजे ज्या अलंकाराला समानार्थी शब्दसुद्धा सोसत नाही, तो शब्दच नसताना ओळखा असं आमचा पेपर सांगत होता.

या गठ्ठ्यातला मला सर्वांत आवडलेला मुलगा इथे भेटला. त्यानं आशयात एकच ओळ लिहिली होती: ‘कविता छापलेली दिसत नसल्यामुळे आशय लिहिता येत नाही.’ म्हणजे उत्तर लिहिताना प्रश्नपत्रिका वाचलेला सबंध वर्गात हाच. पण दोन गुण सोडायचे त्याच्या जिवावर आलं असावं, कारण खाली लिहिलं होतं, ‘अलंकार: अपन्हुती. ही कविता नव्हे, ही मोकळी जागा आहे. कविता हे उपमेय असून ते नाकारलेले आहे व मोकळी जागा हे उपमान असून त्याची स्थापना केलेली आहे.’

बाईंनी तांबडं पेन खाली ठेवलं. व्याख्या बिनचूक, उदाहरण बिनचूक, स्पष्टीकरण बिनचूक. फक्त ते उदाहरण कवितेतलं नव्हतं, कवितेच्या अभावातलं होतं. गुण द्यायचे की नाही? मी म्हटलं, दोन्ही देऊन टाक. त्या म्हणाल्या, ‘असं कसं? नमुना उत्तराशी जुळायला हवं. आणि याला दिले तर आशयात पानभर लिहिणाऱ्यांचं काय?’

गुणदानाचा हा पेच काल्पनिक नाही. राज्य मंडळालाही एकदा याच्या जुळ्या भावाशी गाठ पडली होती. 21 फेब्रुवारी 2023 रोजी बारावीचा इंग्रजीचा पेपर झाला. त्यात कविता शाबूत होती, पण तिच्यावरच्या काही प्रश्नांचीच गल्लत झाली होती. विचारायचं ते राहून तपासनिसांसाठीचा मजकूर विद्यार्थ्यांच्या पेपरात छापला गेला. दोन-दोन गुणांचे तीन प्रश्न त्यात सापडले. मंडळानं शेवटी त्या विभागाशी निदान हातमिळवणी केलेल्यांना सहा गुण देण्याचं ठरवलं. कवितेवरचा एखादा प्रश्न सोडवलेला असला किंवा नुसता प्रश्नाचा क्रमांक लिहिलेला असला तरी गुण. माझा या निर्णयाला विरोध नाही. छापखान्याच्या चुकीची शिक्षा मुलाला होऊ नये हे रास्तच. पण त्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तिथे प्रश्न नसताना उत्तराला गुण मिळाले, इथे कविता नसताना आशयाला मिळणार होते. दोन्ही पेपर एकमेकांना जोडले असते तर एक निर्दोष प्रश्नपत्रिका तयार झाली असती.

बाईंच्या शाळेनं मधला मार्ग काढला. ज्यांनी प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला त्यांना आशयाचे तीन गुण सरसकट. अलंकाराचे दोन नमुना उत्तराप्रमाणे. आता गंमत इथे होती की नमुना उत्तर आलं होतं, कविता नव्हती. पेपर काढणारे सर लग्नाला गेलेले, फोन लागत नव्हता, मूळ फाईल त्यांच्या घरच्या संगणकात. म्हणजे बाईंनाही कविता ठाऊक नव्हती. पाठ्यपुस्तकाबाहेरची होती एवढंच कळत होतं. आम्ही नमुना उत्तर उघडलं.

आशय: ‘प्रस्तुत कवितेत कवीने निसर्ग व मानव यांच्यातील अतूट नात्याचे हृद्य चित्रण केले आहे.’

मी आणि बाईंनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू आवरलं नसतं. निसर्गवाल्या संप्रदायाचं वाक्य शब्दशः जुळत होतं. खुद्द कविता समोर असलेल्या माणसानं लिहिलेला आशय आणि कविता न पाहिलेल्या मुलांनी लिहिलेला आशय यांत काडीचाही फरक नव्हता. पुढची चार वाक्यंही त्याच जातीची. ती पुनःपुन्हा वाचूनही कवितेत काय आहे, झाड की डोंगर, सकाळ की रात्र, काहीही हाती लागेना.

मग अलंकाराची नोंद वाचली. ती तीन ओळींची होती. ‘उपमा. उपमेय: विहीर. उपमान: म्हातारी. साधारण धर्म: खोल गेलेले डोळे. साधर्म्यवाचक शब्द: परी.’

आणि बघता बघता कविता परत येऊ लागली. विहिरीचे डोळे खोल गेले आहेत, म्हणजे पाणी तळाला गेलं आहे. म्हणजे उन्हाळा आहे, कदाचित दुष्काळ. पाऊस, पक्षी, हिरवळ सगळं बाद. ‘म्हातारीसारखी’ नसून ‘म्हातारीपरी’ आहे, म्हणजे हा मुक्तछंद नव्हे. ‘परी’ बोलताना कुणी वापरत नाही, अक्षरांचा हिशेब सांभाळावा लागतो तेव्हाच ती कामाला येते. म्हणजे वृत्त आहे, नाहीतर निदान ओवीसारखा छंद आहे, आणि वृत्त आहे म्हणजे बहुधा यमकही आहे. यमकवाले जुगारी जिंकायच्या बेतात होते. बाई म्हणाल्या, ‘डोळे म्हटलंय, डोळा नाही. विहिरीला दोन डोळे कुठले?’ मी म्हटलं, शेजारी आड असेल, किंवा कवीला हिशेब जमला नसेल. पण बाईंनी एक गोष्ट पकडली ती माझ्या नजरेतून सुटली असती. ‘सर, म्हातारीचे डोळे खोल जातात ते भुकेनं नाहीतर वाट बघून. ही विहीर कुणाची तरी वाट बघते आहे. पोरं शहरात गेली असणार.’

तीन ओळींच्या कोरड्या नोंदीतून आम्ही दुष्काळ, छंद आणि ओस पडलेलं गाव एवढं वर काढलं. पानभर आशयातून बादलीसुद्धा ओली झाली नव्हती. आणि गठ्ठ्यातली निम्मी मुलं या कवितेचं ‘निसर्गसौंदर्य’ वाखाणून मोकळी झाली होती. नमुना उत्तराप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. कोरड्या विहिरीचंही निसर्गाशी नातं असतंच आणि ते पुरेसं अतूटही असतं.

संध्याकाळी सरांचा फोन लागला. बाईंनी स्पीकर सुरू केला. मागे सनई, वाढप्यांचा आरडाओरडा. कविता कुणाची होती हे विचारल्यावर सर क्षणभर थांबले आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, ‘माझीच आहे. दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला पाठवली होती.’ छापून आली का, हे विचारण्याइतके आम्ही दुष्ट नव्हतो. विहीर कोरडी का, यावर ते खुलले. त्यांच्या गावची विहीर, आता तिच्यावर जाळी बसवली आहे, धाकटे भाऊ पुण्याला. बाईंचा अंदाज खरा ठरला होता. मग त्यांना पेपर आठवला.

‘मुलांना जमली का हो कविता?’

बाईंनी मोकळ्या जागेची हकिकत अजून सांगितलीच नव्हती. त्या चाचरत म्हणाल्या, ‘आशय बहुतेकांनी लिहिलाय सर. अतूट नातं पुष्कळांना सापडलं.’

‘वा!’ सरांचा आवाज उजळला. ‘मला भीती होती, जरा अवघड जाईल. आणि उपमा?’

‘उपमा कुणालाच नाही. एकानं अपन्हुती लिहिलीय.’

सनई थांबली होती. सर विचारात पडलेले स्पष्ट ऐकू येत होतं. ‘अपन्हुती? माझ्या कवितेत अपन्हुती नाही.’

‘तुमच्या कवितेत नाहीये सर,’ बाई म्हणाल्या, ‘पेपरात होती,’ आणि त्यांनी त्या मुलाच्या उत्तरापुढे दोन गुण लिहिले.